उतार कोसळण्याची शक्यता आणि विश्वासार्हता निर्देशांक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरचे सगळे प्रश्न एकाच उताराभोवती फिरतात. उतार साधा घेतला आहे, म्हणजे आकडेमोड कागदावर करता येईल आणि कुठला आकडा कुठून आला हे लपणार नाही. गोलाकार घसरण पृष्ठ आणि सॉफ्टवेअर आले की गणित लांबते, पण विचार हाच राहतो.

सुरक्षा गुणांक काढलेला असताना आणखी विश्वासार्हता निर्देशांक कशासाठी?

सुरक्षा गुणांक म्हणजे मातीची उपलब्ध ताकद भागिले उतार टिकायला लागणारी ताकद. तो काढताना आपण मातीच्या ताकदीची सरासरी किंवा जरा कमी धरलेली किंमत वापरतो, आणि उत्तर येते १.४ किंवा १.६. ती ताकद आपल्याला किती खात्रीने ठाऊक आहे, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. वीस नमुन्यांवरून काढलेला १.४ आणि दोन नमुन्यांवर अंदाजाने काढलेला १.४ कागदावर अगदी सारखे दिसतात.

विश्वासार्हता निर्देशांक β हीच उणीव भरून काढतो. तो विचारतो: कोसळण्याच्या सीमेपासून आपण जितके दूर आहोत, ते अंतर आपल्या अनिश्चिततेच्या किती पट आहे? ताकद आणि भार यांतला फरक म्हणजे शिल्लक. शिल्लकीच्या सरासरीला तिच्याच प्रमाण विचलनाने भागले की β मिळतो. शिल्लक सामान्य वितरण पाळते असे धरले, तर β वरून अपयशाची शक्यता थेट तक्त्यातून वाचता येते: β २ असेल तर सुमारे २.३ टक्के, ३ असेल तर सुमारे ०.१३ टक्के.

उदाहरणाचा उतार कसा आहे?

लांबच लांब, एकसारखा, १ उभे : २ आडवे असा उतार. पृष्ठभागापासून ३ मीटर उभ्या खोलीवर, पृष्ठभागाला समांतर असे घसरण पृष्ठ. मातीचे एकक वजन २० किलोन्यूटन प्रति घनमीटर. पाणी उताराला समांतर झिरपते आणि त्याची पातळी घसरण पृष्ठाच्या १ मीटर वर आहे. अशा अनंत उताराच्या सुरक्षा गुणांकाचे, म्हणजे FS चे, सूत्र खाली आहे; त्यात c म्हणजे कोहेजन, मातीचे कण आपसात चिकटून मिळणारी ताकद, φ घर्षण कोन, γ एकक वजन, z खोली, θ उताराचा कोन आणि u रंध्रजल दाब:

FS = [c + (γ·z·cos²θ − u)·tan φ] / (γ·z·sin θ·cos θ)

या कोनासाठी cos²θ = ०.८ आणि sin θ·cos θ = ०.४. म्हणून खाली ओढणारा कातर ताण ६० × ०.४ = २४ किलोपास्कल, लंब ताण ६० × ०.८ = ४८ किलोपास्कल, आणि रंध्रजल दाब u साधारण ८ किलोपास्कल. लंब ताणातून पाण्याचा दाब वजा केला की मातीच्या कणांवर उरतो तो परिणामी लंब ताण, इथे ४०. आता सूत्र अगदी छोटे झाले:

FS = (c + ४०·tan φ) / २४

कोहेजन c ची सरासरी १० किलोपास्कल आणि प्रमाण विचलन ३. tan φ ची सरासरी ०.६० (म्हणजे घर्षण कोन सुमारे ३१ अंश) आणि प्रमाण विचलन ०.०६. दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे सध्या धरू.

सरासरी ताकद १० + २४ = ३४ किलोपास्कल, आणि सुरक्षा गुणांक ३४ / २४ = १.४२.

मग β किती येतो?

सरासरी शिल्लक ३४ − २४ = १० किलोपास्कल. ताकदीचे विचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, दोन वाटांनी येते. कोहेजनचा वाटा ३² = ९. घर्षणाचा वाटा (४० × ०.०६)² = २.४² = ५.७६. बेरीज १४.७६, तिचे वर्गमूळ ३.८४ किलोपास्कल.

β = १० / ३.८४ = २.६०, आणि अपयशाची शक्यता सुमारे ०.४६ टक्के, म्हणजे साधारण दोनशेत एक.

वाटे बघून एक कामाची गोष्ट कळते. एकूण विचरणातला ६१ टक्के भाग एकट्या कोहेजनचा आहे. पुढच्या तपासणीचा पैसा कुठे घालायचा, हे इथेच ठरते. घर्षण कोन कितीही काटेकोर मोजला तरी या उताराची अनिश्चितता निम्म्यानेही उतरणार नाही.

उतार कोसळलाच, तर मातीची ताकद बहुधा किती असेल?

β च्या भूमितीतून याचे उत्तर मिळते आणि मला ते β पेक्षाही उपयोगी वाटते. दोन्ही गुणधर्म प्रमाण विचलनाच्या मापात मांडले, की कोसळण्याची सीमा एक रेषा होते, आणि सरासरीपासून त्या रेषेचे सर्वात कमी अंतर म्हणजे β. १९७४ मध्ये हॅसोफर आणि लिंड यांनी β ची व्याख्या अशीच मांडली. रेषेवरचा सर्वात जवळचा बिंदू म्हणजे अपयशाचा सर्वात संभाव्य मार्ग.

आपल्या उतारासाठी तो बिंदू येतो कोहेजन ३.९ किलोपास्कल आणि tan φ ०.५०, म्हणजे घर्षण कोन साधारण २७ अंश. ताळा करून पाहा: ३.९ + ४० × ०.५० ≈ २४. हे दोन आकडे घेऊन भूशास्त्रज्ञाकडे जावे आणि विचारावे, 'या जागी एवढी कमजोर माती सापडू शकते का?' त्याने मान डोलावली, तर तुमचे प्रमाण विचलन बहुधा बरोबर आहे. त्याने 'शक्यच नाही' म्हटले, तर प्रमाण विचलन पुन्हा तपासा.

सुरक्षा गुणांक जास्त असूनही धोका जास्त असू शकतो का?

हो. दुसरा उतार घ्या, भूमिती आणि पाणी तेच. इथे कोहेजनची सरासरी १६ किलोपास्कल, पण चाचण्या विखुरलेल्या, प्रमाण विचलन ८. tan φ ची सरासरी ०.६०, प्रमाण विचलन ०.०९. सरासरी ताकद ४०, सुरक्षा गुणांक १.६७. पहिल्या उतारापेक्षा कितीतरी बरा दिसतो.

आता विचरण: ६४ + १२.९६ = ७६.९६, वर्गमूळ ८.७७. शिल्लक १६, म्हणून β = १.८२ आणि अपयशाची शक्यता सुमारे ३.४ टक्के. १.४२ वाल्या उतारापेक्षा सातपट जास्त. 'किमान १.५ हवा' या एकाच नियमावर निर्णय घेतला असता, तर पहिला उतार नापास झाला असता आणि दुसरा पास.

चाचण्या चार-पाचच आहेत. प्रमाण विचलन आणायचे कुठून?

चार-पाच आकड्यांवरून काढलेले प्रमाण विचलन स्वतःच फार डळमळीत असते, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नये. त्याच्या जोडीला दोन आधार घ्यावेत.

पहिला आधार प्रकाशित मर्यादांचा. जे. मायकेल डंकन यांनी २००० साली दिलेल्या तक्त्यात परिणामी घर्षण कोनाचा विचरण गुणांक, म्हणजे प्रमाण विचलन भागिले सरासरी, २ ते १३ टक्के आहे, आणि चिकणमातीच्या अनड्रेन्ड ताकदीचा १३ ते ४० टक्के. तुमचा आकडा या पट्ट्याबाहेर जात असेल, तर त्याचे कारण सांगता आले पाहिजे.

दुसरा आधार तीन-सिग्माच्या नियमाचा: कल्पनेत येणारी सर्वात मोठी किंमत वजा सर्वात लहान, भागिले सहा. इथे सांभाळावे लागते. अनुभवी माणसेही ही टोके फार जवळजवळ धरतात, आणि मग β फुगतो. म्हणून बरेच अभियंते सहाऐवजी चारने भागतात. माझेही मत तेच आहे. ज्याने त्या जागेची माती हाताळली आहे, त्याच्याकडून टोके घेतली तरी चारनेच भागावे.

कोहेजन आणि घर्षण कोन खरोखर स्वतंत्र असतात का?

सहसा नसतात. एकाच चाचणी-संचातून सरळ रेषा बसवली, की रेषा जितकी तिरकी, म्हणजे tan φ जितका मोठा, तितका तिचा छेद, म्हणजे c, खाली जातो. म्हणून दोघांत बऱ्याचदा उलटा सहसंबंध दिसतो. तो उणे ०.५ धरला, तर विचरणातून ३ × २.४ = ७.२ वजा होतात आणि ७.५६ उरतात. β चढून ३.६४ होतो आणि अपयशाची शक्यता ०.४६ टक्क्यांवरून ०.०१४ टक्क्यांवर येते. एका गृहीतकाने धोका तीसपट कमी!

म्हणूनच हा आकडा बघितला की मी थांबतो. रेषा बसवण्यातून आलेला सहसंबंध खरा असतो, पण त्याच ताणाच्या पट्ट्यात. प्रयोगशाळेतल्या चाचण्या १०० ते ३०० किलोपास्कलला केल्या असतील आणि घसरण पृष्ठावर परिणामी ताण ४० असेल, तर त्या पट्ट्याबाहेर रेषा लांबवण्याची चूक त्या सहसंबंधात मोजलेली नसते. चाचण्या खऱ्या ताणाला केलेल्या नसतील, तर शून्य किंवा उणे ०.२–०.३ च्या पुढे जाऊ नये, आणि अहवालात दोन्ही उत्तरे द्यावीत.

पाण्याची अनिश्चितता धरायची की फक्त ताकदीची?

प्रश्न ताकदीचा असला तरी या उतारात पाणीच मोठा खेळाडू आहे. पातळी घसरण पृष्ठाच्या १ ऐवजी २ मीटर वर गेली, तर रंध्रजल दाब १६ होतो आणि परिणामी ताण ३२ उरतो. सुरक्षा गुणांक १.२२, β १.४६, अपयशाची शक्यता ७.२ टक्के. पाणी पृष्ठभागापर्यंत आले, तर गुणांक १.०२, β ०.१२ आणि शक्यता ४५ टक्के, जवळजवळ नाणेफेक.

पाण्याची सरासरी पातळी घेऊन एकच β काढला, तर हे सगळे बुजून जाते. पाण्याच्या प्रत्येक स्थितीसाठी शक्यता वेगळी काढावी आणि त्या स्थितीच्या संभवाने गुणून बेरीज करावी. समजा, पातळी १ मीटर राहण्याचा संभव ०.९ आणि २ मीटर होण्याचा ०.१ आहे. एकूण शक्यता ०.९ × ०.००४६ + ०.१ × ०.०७२ = ०.०११, म्हणजे १.१ टक्का. त्यातला बराच मोठा वाटा त्या क्वचित येणाऱ्या पाण्याचा आहे.

सामान्य वितरण धरावे की लॉगनॉर्मल?

सामान्य वितरण कोहेजनला उणे किमतीही देते, आणि उणे कोहेजन असूच शकत नाही. दुसऱ्या उतारात सरासरी १६ आणि विचलन ८, म्हणजे वितरणाचा सुमारे २.३ टक्के भाग शून्याखाली जातो. ३.४ टक्क्यांच्या उत्तरात तो भाग लहान नाही. विचरण गुणांक ३० टक्क्यांच्या आसपास किंवा पुढे गेला, की लॉगनॉर्मल, म्हणजे ज्यात किमतीचा लॉगरिदम सामान्य वितरण पाळतो आणि किंमत कधीच उणे होत नाही असे वितरण, घेणे बरे.

फरक किती पडतो ते पाहा. पहिल्या उतारात सुरक्षा गुणांकच लॉगनॉर्मल धरला, तर β २.६० ऐवजी ३.०४ येतो आणि शक्यता ०.४६ ऐवजी ०.१२ टक्के. सरासरी आणि विचलन तेच. बदलले ते फक्त वितरणाचे शेपूट. शेपटाबद्दल आपल्याकडे माहिती जवळजवळ नसते, म्हणून अपयशाच्या शक्यतेचा दुसरा दशांश अंक गांभीर्याने घेऊ नये. 'हजारात एक ते पाच' असे लिहिणे जास्त प्रामाणिक.

मॉन्टे कार्लो कसे करायचे, आणि किती चाचपण्या पुरतात?

मातीच्या किमती वितरणातून यादृच्छिक उचलायच्या, दरवेळी सुरक्षा गुणांक काढायचा, आणि १ पेक्षा कमी किती वेळा आला ते मोजायचे. आपल्या उतारासाठी, दोन्ही गुणधर्म लॉगनॉर्मल धरून:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(1)
n = 1_000_000

def logn(m, s):
    z = np.sqrt(np.log(1 + (s/m)**2))
    return rng.lognormal(np.log(m) - z**2/2, z, n)

c = logn(10, 3)
t = logn(0.6, 0.06)
fs = (c + 40*t) / 24
print((fs < 1).mean())
```

हॅसोफर-लिंड पद्धतीने याच स्थितीत β सुमारे ३.१७ येतो, म्हणून इथले उत्तर दहा हजारांत साधारण सहा ते आठ अशा आसपास पडायला हवे. फारच वेगळे आले, तर बहुतेकदा चूक एकच असते: लॉगनॉर्मलला खरी सरासरी आणि विचलन थेट दिलेले असतात, लॉगरिदमची सरासरी आणि विचलन काढून दिलेले नसतात. वरच्या फंक्शनचे काम तेवढेच आहे.

संख्येबद्दल: शक्यता p असेल, तर अंदाजातली सापेक्ष चूक √((१ − p)/(n·p)) असते. p = ०.००४६ साठी हजार चाचपण्यांत अपयशी उतार येतील चार-पाच, आणि चूक ४७ टक्के. ती १० टक्क्यांवर आणायला सुमारे २२,००० चाचपण्या लागतात. सॉफ्टवेअरने हजार चाचपण्यांनंतर 'शक्यता शून्य' दाखवली, तर त्याचा अर्थ फक्त 'हजारात काही सापडले नाही' एवढाच.

प्रयोगशाळेतले विखुरलेपण थेट वापरायचे का?

नाही, आणि बहुतेक अहवाल इथेच घसरतात. नमुना मूठभर मातीचा असतो. घसरण पृष्ठ मात्र दहा-वीस मीटर पसरलेले, आणि त्यावर लागणारी ताकद ही त्या सगळ्या मातीची सरासरी. मजबूत आणि कमजोर जागा एकमेकींना सावरतात, त्यामुळे सरासरीचे विचलन एका बिंदूच्या विचलनापेक्षा कमी असते. व्हॅनमार्क यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एका बिंदूच्या विचरणाला साधारण δ / L ने गुणून ही घट घेता येते. L म्हणजे पृष्ठाची लांबी, आणि δ म्हणजे ज्या अंतरापर्यंत मातीची ताकद एकमेकीशी जुळती राहते ते अंतर.

पण सगळेच विचलन सरासरीत विरत नाही. चाचणीच्या पद्धतीतच दोष असेल किंवा नमुने कमी असतील, तर ती चूक पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूवर एकाच दिशेने असते. आपल्या कोहेजनच्या ३ मधले मातीचे खरे विखुरलेपण २.६ आणि ही पद्धतशीर अनिश्चितता १.५ धरू, २.६² + १.५² म्हणजे जवळजवळ ९. L ६० मीटर आणि δ २० मीटर असेल, तर पहिला भाग एक तृतीयांश होतो: ६.७६ / ३ = २.२५. दुसरा जसाच्या तसा: २.२५. घर्षणाचा वाटा तसाच ठेवला, तर एकूण विचरण १०.२६, β ३.१२, शक्यता सुमारे ०.०९ टक्के.

ही घट दोन्हीकडे लावणाऱ्यांपासून सावध राहा. पद्धतशीर भागही विरवला, की β सुंदर दिसतो आणि खोटा असतो. दुसरे असे की, उतार घसरताना आपण ठरवलेल्या पृष्ठाने जात नाही. तो कमजोर जागा शोधत जातो. ठरवलेल्या एकाच पृष्ठावरची सरासरी म्हणूनच कधीकधी गरजेपेक्षा आशावादी ठरते. मऊ थर पातळ पण सलग असेल, तर सरासरी काढूच नये. त्या थराची ताकद वेगळी घ्यावी.

β किती असावा?

अमेरिकेच्या लष्करी अभियंता दलाच्या १९९७ च्या मार्गदर्शिकेत ३.० ला 'सरासरीपेक्षा बरा', २.५ ला 'सरासरीपेक्षा खालचा', २.० ला 'निकृष्ट' आणि १.५ ला 'असमाधानकारक' म्हटले आहे. युरोपीय प्रमाणक EN 1990 मध्ये नेहमीच्या बांधकामांसाठी ५० वर्षांच्या काळाला ३.८ हे लक्ष्य आहे.

हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. त्यांचा काळ वेगळा, त्यांत धरलेली अनिश्चितता वेगळी. उतार मोकळ्या रानात असेल तर आणि खाली वस्ती असेल तर लक्ष्य एकच असू शकत नाही. शक्यतेला नुकसानाने गुणल्यावरच निर्णयाचा प्रश्न सुरू होतो.

०.४६ टक्के म्हणजे दोनशे वर्षांतून एकदा का?

नाही. ताकदीच्या अनिश्चिततेतून आलेल्या शक्यतेत काळ नाही. मातीची ताकद ठरलेली आहे, आपल्याला ती नीट ठाऊक नाही एवढेच. याचा अर्थ असा: आपल्या माहितीनुसार अगदी असेच दिसणारे दोनशे उतार असतील, तर त्यातला एक बहुधा पुरेसा मजबूत नाही, आणि तो पाणी १ मीटरला पोहोचताच जाईल. वर्षाचा हिशेब येतो तो पाण्याच्या पातळीतून.

उतार वर्षानुवर्षे उभा आहे. मग ही शक्यता खोटी नाही का?

तो उभा आहे ही माहितीच आहे, आणि ती गणितात घ्यावी लागते. समजा, मागे पाणी २ मीटरपर्यंत चढले होते आणि उतार टिकला. याचा अर्थ c + ३२·tan φ किमान २४ आहे. मग १ मीटर पाण्याला तो कोसळणे शक्यच नाही, कारण तेव्हा हीच ताकद आणखी वाढलेली असते. १ मीटरसाठीची ०.४६ टक्के शक्यता शून्यावर येते.

पण पाणी पृष्ठभागापर्यंत चढले तर? आधी ती शक्यता ४५.२ टक्के होती. २ मीटरला टिकल्याने त्यातले ७.२ टक्के बाद झाले, आणि उरलेल्याला ९२.८ टक्क्यांनी भागायचे: ३८ / ९२.८, म्हणजे ४१ टक्के. दीर्घकाळ उभे राहण्याने पाहिलेल्या पाण्याचे बरेच सांगितले, न पाहिलेल्या पाण्याचे जवळजवळ काहीच नाही. यात मातीची ताकद बदललेली नाही असे गृहीत आहे. झीज होणारा खडक, मऊ होत जाणारी चिकणमाती किंवा झाडे तोडल्यावर कुजणारी मुळे असतील, तर जुना अनुभव तेवढी सूट देत नाही.

अहवालात नेमके काय लिहावे?

β च्या शेजारी, त्याच पानावर: प्रत्येक गुणधर्माची सरासरी आणि विचलन, ते कुठून आले, सहसंबंध किती धरला, वितरण कोणते, पृष्ठावरच्या सरासरीमुळे येणारी घट लावली की नाही, आणि पाण्याची कोणती पातळी. यातले एक जरी गाळले, तरी वाचणाऱ्याला २.६ आणि ३.६ यांतला फरक मातीमुळे आहे की गृहीतकामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही.